रविवारची बैठक आणि गुरुवारचा फोन

जानेवारीतला गुरुवार होता. सकाळी सात-सव्वासातला फोन वाजला आणि पडद्यावर मुलाच्या काकांचं नाव दिसलं, तेव्हाच मनात चर्र झालं. इतक्या सकाळी स्थळाकडचा माणूस उगाच फोन करत नाही. रविवारी अकरा वाजता साताऱ्याला मुलीच्या घरी बैठक ठरली होती. पत्रिका जुळल्या होत्या, मुला-मुलीचं दोनदा भेटून झालं होतं, दोन्ही घरांची पसंती आली होती. आता मुलाकडची बारा माणसं नाशिकहून येणार आणि याद्या करायच्या, इतकंच राहिलं होतं. मध्यस्थ मी.

काका म्हणाले, "ताई, आई पहाटे गेल्या. शहाऐंशीचं वय, तीन वर्षं अंथरुणालाच होत्या, तुम्हाला ठाऊक आहे. रविवारचं आता आमच्यानं होणार नाही. सातारच्या मंडळींना तुम्ही सांगाल का? आणि त्यांना एवढं नक्की सांगा, आमच्या मनात काही बदललेलं नाही. तेरावं झालं की मी स्वतः फोन करतो."

फोन एका मिनिटाचाही नव्हता. पण मी गेली पंधरा-वीस वर्षं ओळखीपाळखीत स्थळं सुचवते आहे, आणि अशा वेळी इतका नेटका निरोप मला फार थोड्या वेळा मिळालाय. दुःखाच्या घराला तो जमला, म्हणून तो उलगडून सांगावासा वाटतो. कारण अशा वेळी चुकीचा एक शब्दही जमलेलं स्थळ मोडू शकतो. मी ते होताना पाहिलंय.

ती गोष्ट आधी सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी एका मुलीचं असंच ठरत आलं होतं. बैठकीच्या आदल्या दिवशी मुलाचे वडील हृदयविकारानं गेले. त्या घरावर आभाळच कोसळलं होतं, त्यामुळे कुणाचं कुणाला भान नव्हतं. मुलाच्या एका चुलतभावानं मुलीच्या वडिलांना मोबाइलवर चार शब्द पाठवले, 'अपरिहार्य कारणामुळे उद्याची बैठक रद्द.' मुलीच्या घरी सगळे रात्रभर विचार करत बसले. कारण काय, पैशाचं काही की कुणी काही कानात सांगितलं? दुसऱ्या दिवशी दुपारी तिसऱ्याच नातेवाइकाकडून खरं कळलं. मुलीचे वडील धावत भेटायला गेले, तर तिथे बसलेल्या बायकांत एक वाक्य त्यांच्या कानावर पडलं, "ठरायच्या आधीच हे असं, पुढं काय व्हायचं?" घरच्यांपैकी कुणी ते बोललं नव्हतं. पण घरच्यांपैकी कुणी ते खोडलंही नाही. पुढे तिकडून फोन आला नाही, इकडून करायचं धाडस झालं नाही, आणि स्थळ आपोआप मोडलं. त्या मुलीनं मला नंतर एकच विचारलं होतं, "मावशी, त्यांचे वडील गेले यात माझं काय होतं?"

या विषयातली सगळ्यात नाजूक नस ती हीच. आपल्याकडे पायगुण नावाचा एक जुना, क्रूर शब्द आहे. घरात नवं माणूस येतं किंवा येऊ घातलं की पुढच्या बऱ्यावाईटाचा हिशेब त्याच्या नावावर मांडायचा, आणि तो बहुतेक वेळा मुलीच्याच नावावर मांडला जातो. म्हणून मुलाच्या घरी मृत्यू झाला तर बैठक लांबवण्याच्या निरोपात दोन गोष्टी एकाच वेळी पोचायला हव्यात. एक, रविवारी आम्ही येत नाही. दोन, याचा तुमच्या मुलीशी काही संबंध नाही. पहिली गोष्ट सगळेच सांगतात. दुसरी 'त्यात काय सांगायचं, कळतंच की' म्हणून राहून जाते. ती कळत नाही. ती सांगावीच लागते, आणि पहिल्याच निरोपात.

काकांच्या बोलण्यात ती कशी आली ते पाहा. त्यांनी 'मुलीचा काही दोष नाही' असं म्हटलं नाही. तसं म्हटलं असतं तर दोषाचा विचार मनात आला होता असाच अर्थ झाला असता. ते म्हणाले, शहाऐंशीचं वय आणि तीन वर्षं अंथरुणाला. वय आणि आजारपण सांगितलं की मृत्यूला त्याचं खरं कारण मिळतं आणि लोकांना दुसरं शोधायला जागा उरत नाही. मृत्यू अचानक झाला असेल तर डॉक्टरांनी सांगितलेलं कारण साध्या शब्दांत सांगावं, 'झटका आला, दवाखान्यात नेईपर्यंत गेले'. आणि त्याला लागूनच, 'आमच्या मनात काही बदललेलं नाही.' एवढ्यानं काम होतं.

आता शब्दांबद्दल. 'रद्द' हा शब्द या निरोपात कधीच नको. गाडी रद्द होते, परवाना रद्द होतो, आणि जे रद्द झालं ते पुन्हा पहिल्यापासून मागावं लागतं. 'अपरिहार्य कारणामुळे' हे कार्यालयाच्या फळ्यावर शोभतं. मृत्यूची बातमी झाकून ठेवली की समोरच्याला ती दुसरीकडून कळते, आणि मग 'आम्हाला का नाही सांगितलं' हा वेगळाच सल उरतो. 'बघू', 'नंतर कळवतो' हे तर लग्नाच्या बाजारात नकाराचे ठरलेले शब्द आहेत, गेली कित्येक वर्षं लोक नकार असाच देत आलेत. दुःखातल्या माणसानं ते निर्मळ मनानं वापरले तरी ऐकणाऱ्याला नकारच ऐकू येतो. 'रविवारचं आता होत नाही, तेरावं झालं की फोन करतो' यात थांबणं आहे, आणि पुन्हा सुरू कधी होणार तेही आहे.

मग नवी तारीख पहिल्याच फोनमध्ये का सांगू नये? पुष्कळ जणांना वाटतं, म्हणजे समोरच्यांची काळजी मिटेल. पण त्या दिवशी घरातल्या कुणाचंच डोकं ठिकाणावर नसतं. त्या घाईत दिलेली तारीख नंतर बदलावी लागते, आणि दोनदा पुढे गेलेली बैठक पहिल्यापेक्षा जास्त संशय आणते. शिवाय आपल्याकडे शुभ आणि अशुभ एका निरोपात घालत नाहीत. जुन्या पिढीला आठवत असेल, मृत्यूची बातमी कळवणाऱ्या कार्डाचा कोपरा फाडलेला असायचा. पोस्टमननं ते हातात ठेवलं की वाचायच्या आधीच घर समजायचं. त्यावर 'श्री' नसायचा आणि त्यात दुसरा काही मजकूरही नसायचा. वाचून झालं की ते फाडून टाकायचं, घरात ठेवायचं नाही. त्याच कार्डात कुणी 'तसेच चि. च्या लग्नाचे बोलणे पुढील महिन्यात करू' असं लिहिलं असतं तर वाचणाऱ्यालाच कसंतरी झालं असतं. आता कार्ड गेलं, 2013 साली तारही बंद झाली, पण मनातली ती रेघ अजून आहे. म्हणून दोन निरोप. पहिला फक्त बातमीचा आणि थांबण्याचा. दुसरा, दिवस झाल्यावर, नव्या तारखेचा.

निरोप कुणी द्यायचा हेही आपल्याकडे नीट ठरलेलं आहे, फक्त सांगितलं जात नाही. मुलाचे वडील थोरले, क्रियेला बसणारे तेच. त्यांनी फोनवर लग्नाचं बोलायचं नाही आणि त्यांना कुणी बोलायला लावायचंही नाही. मुलानं तर अजिबातच नाही. मुलगा-मुलगी एकमेकांशी मेसेजवर बोलत असतात, त्यामुळे बातमी त्यांच्यात आधी जाणं साहजिक आहे, आणि मुलानं मुलीला ती सांगावी, आपल्या आजीबद्दल तिच्याशी बोलावं. पण बैठक लांबवणं हा घराचा निर्णय आहे आणि तो घरच्या वडीलधाऱ्यानंच घराला सांगायचा असतो. इथे काकांनी ते केलं. काका नसतील तर मामा, आत्याचे यजमान, घरचा कुणी जाणता माणूस. मध्ये मध्यस्थ असेल तर त्याच्यामार्फत, नसेल तर थेट मुलीच्या वडिलांना. आणि आवाजानं सांगायचं, मेसेजनं नाही. मेसेजनं पाठवायचंच असेल तर ते फोन झाल्यावर, अंत्यविधीची वेळ कळवण्यापुरतं. काकांनी साडेसातच्या आत फोन केला याचं एक कारण त्यांनी नंतर मला सांगितलं. घरातल्या पोरांनी आजीचा फोटो स्टेटसला लावायच्या आधी सातारला कळायला हवं होतं. मुलगी आणि मुलगा एकमेकांचे नंबर ठेवून होते. तिनं सकाळी फोन उघडून तो हार घातलेला फोटो पाहिला असता, तर बातमी तिला अगदी परक्यासारखी कळली असती.

मी सातारला फोन लावला. मुलीच्या वडिलांनी उचलला. मागून मिक्सरचा आवाज येत होता, आई रविवारच्या चिवड्यासाठी की कशासाठी काहीतरी दळत होत्या. मी सांगितलं, तसा तो आवाज थांबला. दोन-तीन क्षण कुणीच बोललं नाही. मग वडिलांनी विचारलं, "आजींना फार त्रास नाही ना झाला?" त्यांनी 'मग आता कधी?' असं विचारलं नाही. मला त्या माणसाचा त्या दिवसापासून आदर वाटतो. मी काकांचा निरोप जसाच्या तसा सांगितला, शेवटचं वाक्य धरून. ते म्हणाले, "ताई, त्यांना सांगा, आमच्याकडूनही काही बदललेलं नाही. त्यांनी आमची काळजी करू नये." आणि थोड्या वेळानं त्यांनी स्वतःही काकांना फोन केला, "दादा, आत्ताच ताईंकडून कळलं. रविवारचं मनातून काढून टाका."

निरोप घेणाऱ्या घराचंही काम असतं, आणि ते देणाऱ्याइतकंच अवघड. पहिले दहा दिवस मध्यस्थाकरवी आडून विचारणं नको. त्या मुलीची काकू बारामतीहून निघायच्या बेतात होती, तिला थांबवलं. जिलेबीची ऑर्डर परत घेतली. मे महिन्यातल्या एका तारखेसाठी मंगल कार्यालय तोंडी धरून ठेवलेलं होतं, आणि कार्यालयवाला त्या आठवड्यात टोकन मागत होता. वडिलांनी त्याच्याशी बोलून महिन्याची मुदत घेतली आणि ही गोष्ट नाशिकला कळवली नाही. 'कार्यालय हातचं जाईल' असं म्हणणं खोटं नसतं, पण ज्या घरात माणूस गेलंय त्या घराच्या कानावर ते त्या आठवड्यात घालायचं नसतं.

भेटायला जायचं का, हा प्रश्न हमखास येतो. अजून सोयरीक झालेली नाही, मग जाणं आगाऊपणाचं होईल का? माझ्या अनुभवात एका-दोघा वडीलधाऱ्यांनी जाऊन येणं कधी चुकीचं ठरत नाही, मुलीला मात्र घेऊन जाऊ नये. ती तिथे गेली की पायगुणवाल्या नजरा तिच्यावरच जातात. सातारहून मुलीचे वडील आणि मामा पाचव्या दिवशी, सोमवारी गेले. अर्धा तास बसले. लग्नाचा विषय काढला नाही, आजींचंच बोलणं झालं. निघताना 'येतो' म्हटलं नाही. दुःखाच्या घरातून 'येतो' म्हणून निघायचं नसतं, नुसतं उठायचं. इतक्या साध्या रीतीत आपल्या लोकांनी किती जपणूक ठेवलीय, हे अशा वेळी जाणवतं.

आता सुतकाबद्दल. कारण बैठक किती लांबवायची याचं उत्तर बहुतेक घरं तिथेच शोधतात, आणि तिथेच तीन निरनिराळ्या गोष्टी एकत्र मिसळतात.

एक म्हणजे सुतक. जवळच्या भाऊबंदांना दहा दिवस, दहाव्याला पिंडदान आणि काकस्पर्श, अकरावा-बारावा, आणि तेराव्याला गोडजेवण झालं की घर मोकळं. या दिवसांत शुभाचं काही करायचं नाही, हे जवळपास सगळीकडे पाळलं जातं. पण दिवस सगळ्यांचे सारखे नाहीत. पुष्कळ घरं आता तिसऱ्या किंवा पाचव्या दिवशीच उरकतात. लिंगायतांत तर तत्त्वतः सुतकच मानत नाहीत. दोन घरांच्या रीती वेगळ्या असतील तर आपल्या हिशेबानं समोरच्यांची वेळ ठरवू नये. 'तुमच्याकडे दिवस कधी पूर्ण होतात?' असं मध्यस्थानं एकदा विचारलं की झालं.

दुसरी गोष्ट म्हणजे लग्न ठरल्यानंतर घरात मृत्यू झाला तर काय. यावर धर्मशास्त्रात स्वतंत्र विचार आहे आणि त्याला प्रतिकूल असं नाव आहे. 1612 सालच्या कमलाकरभट्टांच्या निर्णयसिंधूत आणि 1790 सालच्या धर्मसिंधूत तो आहे. धर्मसिंधूचे कर्ते काशीनाथ उपाध्याय म्हणजे पंढरपूरचे बाबा पाध्ये, कवी मोरोपंतांचे ते व्याही. त्यांच्याच घरातली सोयरीक मोरोपंतांच्या घरी झालेली, तेव्हा हा विषय लिहिणारा माणूस पोथीतलाच नव्हता, व्याही-भोजनातलाही होता. त्यात मुदती दिल्यात. वडील गेले तर वर्ष, आई गेली तर सहा महिने, पत्नी गेली तर तीन महिने, भाऊ किंवा मुलगा गेला तर दीड महिना, इतर सपिंडांसाठी एक महिना, आणि त्यानंतर शांत करून लग्न करावं. अडचण असेल तर याहून लवकरचीही वाट दिलेली आहे. पण नीट पाहण्यासारखं हे, की हा सगळा विचार वाङ्‌निश्चय झाल्यानंतरचा आहे. आपल्या गोष्टीत अजून याद्याही झाल्या नव्हत्या. बैठक हा विधी नाही. ती दोन घरांनी एकत्र बसून केलेली बोलणी आहे. सुतक संपल्यावर तिला शास्त्राची काही आडकाठी नाही. 'आता वर्षभर काही करता येणार नाही' असं आजी गेल्यावर कुणी सांगू लागलं, तर ते शास्त्र नव्हे.

आणि तिसरी गोष्ट म्हणजे नुसतं दुःख. ते कुठल्याच मुदतीत बसत नाही. वडील किंवा आई गेली असेल तर शास्त्राला विचारायच्या आधी त्या मुलाला किंवा मुलीला विचारावं. आपल्याकडे उलट घाईचीही रीत आहे, 'वर्षाच्या आत उरकून घ्या, नाहीतर तीन वर्षं थांबावं लागेल'. त्या घाईखाली तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी बैठकीला बसवलेली मुलं मी पाहिलीत. वडील गेलेला मुलगा दीड तास जमिनीकडे बघत बसला होता आणि समोरचे लोक कार्यालयाच्या भाड्याचं बोलत होते. त्या बैठकीत जे ठरलं त्यातलं अर्धं पुढे बदलावं लागलं, कारण ठरवताना तो तिथे नव्हताच.

नाशिकच्या घरी सुतक तेरा दिवसांचं होतं. गुरुवार धरून मोजलं तर दहावा शनिवारी, तेरावा पुढच्या मंगळवारी. बुधवारी काकांचा फोन येईल असं मला वाटलं होतं, तो गुरुवारी आला, बरोबर दोन आठवड्यांनी. हा दुसरा निरोप. त्यात त्यांनी आधी सातारची मंडळी भेटायला आली होती त्याबद्दल बोलून घेतलं आणि मग म्हणाले, "आता रविवार बघू या. पण येता रविवार नको."

का नको ते त्यांनी सांगितलं, आणि त्यातला विचार मला पटला. अठराव्या दिवशीचा तो रविवार धरला असता तर बारा माणसांपैकी निम्मी परत आपापल्या गावी गेलेली असती. आत्या तेरा दिवस राहून आजच निघाल्या होत्या, त्यांना तीन दिवसांत पुन्हा बोलावणं जिवावर आलं असतं. त्याच्या पुढचा रविवार पंचविसावा दिवस. तोही चालला असता, पण पुढच्या आठवड्याच्या शेवटाला आजींचं महिन्याचं श्राद्ध येत होतं. मुलाच्या वडिलांना वाटत होतं, आईचा पहिला महिना करून मगच शुभाला बाहेर पडावं. म्हणून त्यांनी त्यापुढचा रविवार सांगितला, बत्तिसावा दिवस. म्हणजे मूळच्या तारखेहून नेमके चार आठवडे पुढे. वेळ तीच, अकरा. येणारी माणसं तीच. ठिकाण तेच. या 'तेच'ला महत्त्व आहे. लांबवलेल्या बैठकीत तारखेखेरीज आणखी काही बदललं, माणसं कमी झाली, ठिकाण घरातून हॉटेलात गेलं, की समोरच्यांना वाटतं, मन थोडं मागे सरलंय.

सातारकडून लगेच होकार गेला. कार्यालयाचं तेव्हा कळवलं, मुदत त्या रविवारच्या पुढच्या मंगळवारपर्यंत होती. वडिलांनी ते सहज बोलता बोलता सांगितलं, आणि काकांना पहिल्यांदा कळलं की ही मंडळी दोन आठवडे हे पोटात ठेवून होती.

दुसरा निरोप आलाच नाही तर? हेही होतं, आणि मुलीकडच्यांनी किती दिवस वाट पाहायची हा प्रश्न खरा आहे. माझा अंदाज असा, की दिवस झाल्यावर दोन आठवडे काहीच विचारू नये. त्यानंतर मध्यस्थानं एकदा, एकदाच, फोन करावा आणि सरळ विचारावं, 'बैठकीचं मनात कधीचं आहे?' उत्तरात महिना किंवा सण सांगितला, 'होळीनंतर', 'परीक्षा झाल्या की', तर थांबायला हरकत नाही. दुःखाचं घर हळू चालतं. पण दोनदा 'बघू' आलं, किंवा 'गुरुजींना पत्रिका पुन्हा एकदा दाखवतोय' असं आलं, तर समजावं. जुळलेली पत्रिका मृत्यूनंतर पुन्हा दाखवायला काढली जाते ती बहुतेक वेळा मुलीच्या ग्रहांत कारण शोधायलाच. अशा वेळी मुलीच्या वडिलांनी आपणहून दार मिटून घ्यावं, सौम्यपणे, 'तुमच्या घरची परिस्थिती आम्ही समजतो, आपण इथेच थांबू या' असं म्हणून. मुलीनं त्या पत्रिकेच्या उत्तराची वाट पाहत बसू नये. ते उत्तर कुठलंही आलं तरी त्या घरात तिच्यासाठी काही चांगलं नसतं.

मृत्यू मुलीच्या घरी झाला तर निरोपाची वाट उलटी, पण शब्द तेच. फरक एवढाच की मुलीकडच्यांना अशा वेळी अपराधी वाटायला लागतं, पाहुणे येणार होते, त्यांनी आरक्षणं केली असतील, आपल्यामुळे खोळंबा झाला. त्यातून माफी मागणं सुरू होतं. माणूस गेल्याची माफी कुणी कुणाकडे मागायची नसते. 'आमच्याकडे वाईट झालंय, रविवारचं होत नाही' पुरेसं आहे. ते ऐकून समोरून तिकिटांचा विषय निघाला, तर त्या घराबद्दल बरंच काही आयतंच कळतं.

चौथ्या आठवड्यानंतरच्या त्या रविवारी नाशिकची बारा माणसं अकराला दहा मिनिटं कमी असतानाच सातारला पोचली. मुलाच्या वडिलांचे केस अजून नीट वाढले नव्हते, त्यांनी टोपी घातली होती. आत आल्यावर त्यांनी ती काढून मांडीवर ठेवली. चहा-पोहे झाले. मग वही उघडली, काका लिहायला बसले आणि मी वाचत गेले. तारीख, कार्यालय, दोन्हीकडची माणसं, खर्च निम्मा-निम्मा. मानापानाच्या पानावर आलो तेव्हा रीतीनं पुढचा शब्द आजेचीर. मुलाकडून मुलीच्या आजीला द्यायचं लुगडं. मी वाचलं आणि काकांचं पेन थांबलं. मुलीच्या आजी तिथेच, पलंगावर भिंतीला टेकून बसल्या होत्या. खोलीत सगळ्यांना कळलं, पेन का थांबलं ते. मुलाचे वडील त्यांच्याकडे बघून हसले आणि भावाला म्हणाले, "लिही. नऊवारी लिही, आई नेसायची तसलं."